दुधावरील सायीचा थर आणि समांगीकरणाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

पिशवीतील किंवा खोक्यातील दूध दोन दिवस थंड जागी ठेवले तरी त्यावर सायीचा थर धरत नाही, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. यावरून अशा दुधातील स्निग्धांश काढून घेतलेला असतो असा समज बहुधा होतो. काही दुधांच्या बाबतीत तो अंशतः खराही असतो. परंतु वेष्टनावर समांगीकृत, म्हणजे रूढ भाषेत ‘होमोजिनाइज्ड’, असे लिहिलेल्या दुधात स्निग्धांश जितका सांगितला असेल तितका असूनही साय वर येत नाही. स्निग्धांश आहे, पण त्याची खूण नाही, अशी ही स्थिती आहे. ही खूण कशी नाहीशी झाली आणि ती नाहीशी होऊ देण्यास ग्राहक कसा तयार झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रारंभीच एक भाषिक भेद लक्षात घेणे अवश्य आहे. मराठीत ‘साय’ हा एकच शब्द दोन भिन्न पदार्थांना लावला जातो. न तापविलेले दूध स्वस्थ ठेवले असता स्निग्धांशाचे कण आपोआप वर येऊन जो थर होतो, तो एक. दूध उकळून निवत ठेवले असता त्याच्या पृष्ठभागावर जी जाड कातडी धरते, ती दुसरी. ही दुसरी साय म्हणजे पृष्ठभागावर आटून आणि उष्णतेने गोठून तयार झालेले प्रथिनांचे जाळे असून स्निग्धांशाचे कण त्यात अडकलेले असतात. युरोप व अमेरिकेतील वादाचा विषय झाली ती पहिली साय. महाराष्ट्रातील गृहिणी विरजण लावण्यासाठी साठविते ती मुख्यतः दुसरी. समांगीकरणाचा परिणाम दोहोंवर होतो, परंतु त्यामागील कारणे निराळी आहेत.

२. साय वर का येते

दुधातील स्निग्धांश विरघळलेला नसतो. तो अतिसूक्ष्म गोलकांच्या रूपाने तरंगत असतो. या गोलकांचा व्यास एका मायक्रॉनच्या दशांशापासून सुमारे १५ मायक्रॉनपर्यंत असतो, आणि गायीच्या दुधात सरासरी व्यास ३ ते ४ मायक्रॉन मानण्यास हरकत नाही. प्रत्येक गोलकाभोवती स्निग्ध-फॉस्फरसयुक्त द्रव्ये आणि प्रथिने यांचे अत्यंत पातळ नैसर्गिक आवरण असते. त्यामुळे गोलक एकमेकांत मिसळून तेलाचे थेंब बनत नाहीत. स्निग्धांशाची घनता सुमारे ०.९२ आणि भोवतालच्या द्रवाची सुमारे १.०३५ असल्यामुळे गोलक वर चढू पाहतात.

चढण्याचा वेग किती असावा, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स याने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येते. या नियमानुसार वेग हा घनतेतील फरकाच्या प्रमाणात वाढतो, द्रवाच्या श्यानतेच्या प्रमाणात घटतो, आणि गोलकाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रस्तुत विवेचनात व्यासाचा वर्ग हीच मुख्य गोष्ट आहे. सामान्य तापमानाला ४ मायक्रॉन व्यासाचा गोलक तासाला सुमारे २ मिलिमीटर चढतो. म्हणजे वीस सेंटिमीटर उंचीच्या बाटलीच्या तळापासून माथ्यापर्यंत जाण्यास त्याला जवळजवळ चार दिवस लागावेत.

येथे एक विसंगती उद्भवते. गायीचे कच्चे दूध थंड जागी ठेवले असता सायीची रेषा चार दिवसांनी नव्हे, तर तासाभरातच दिसू लागते. शिवाय दूध थंड केले की श्यानता वाढते, म्हणून वेग आणखी कमी व्हावयास हवा. प्रत्यक्षात थंड दुधावर साय अधिक जलद येते. ही विसंगती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुग्धशास्त्रज्ञांच्या लक्षात आलेली होती. १९२८ मध्ये अमेरिकेतील ट्रॉय आणि शार्प यांनी दाखवून दिले की गोलक एकेकटे चढत नसून त्यांचे घोस चढतात. घोसाचा व्यास एका गोलकाच्या कित्येक पट असल्यामुळे, आणि वेग व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे, तो काही तासांत माथ्याशी पोहोचतो. घोसात अडकलेल्या द्रवामुळे घनतेचा फरक काहीसा घटतो खरा, परंतु आकारमानाच्या लाभापुढे ही हानी अल्प ठरते.

गोलकांना एकत्र बांधणारे द्रव्य दुधाच्या द्रवभागातच असते. ते एक प्रतिरक्षक प्रथिन असून थंडीत गोलकांच्या पृष्ठभागावर चिकटते आणि त्यांना एकमेकांशी जोडते. दूध गरम केले की ते पुन्हा सुटते, आणि अधिक तापविल्यास कायमचे निकामी होते. म्हशीच्या दुधात असे घोस बनत नाहीत. तेथे गोलक मुळात मोठे असल्यामुळे साय एकेकट्या गोलकांच्या चढण्याने येते. तेव्हा गायीच्या दुधावरील संशोधनाचे निष्कर्ष भारतीय परिस्थितीला जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही.

३. सायीची रेषा : एक पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांचा दूधपुरवठा दूरच्या गावांवर अवलंबून राहू लागला, तेव्हा दुधात पाणी घालणे व साय काढून घेणे या लबाड्यांचा सुळसुळाट झाला. दूध काचेच्या बाटलीतून विकण्याची प्रथा पडल्यानंतर ग्राहकाच्या हाती एक सोपे मापनसाधन आले. बाटलीच्या मानेजवळ दिसणारी सायीची रेषा जितकी खोल, तितके दूध सकस, असे गणित प्रत्येक घरात मांडले जाऊ लागले. विक्रेत्यांनीही ते उचलून धरले.

वास्तविक हे मापन फसवे होते. रेषेची खोली स्निग्धांशावर जशी अवलंबून असते तशीच घोस किती सैल बांधले गेले यावर, म्हणजे दूध किती लवकर थंड केले, किती ढवळले आणि किती तापविले यावरही अवलंबून असते. समान स्निग्धांशाच्या दोन बाटल्यांत रेषा भिन्न असू शकते. पाश्चरीकरणाचा प्रसार झाला तेव्हा ही अडचण तीव्र झाली. थोडे अधिक तापविलेले दूध साय नीट धरीत नसे, आणि ग्राहक त्याला पातळ समजून परत करीत असे. म्हणून सायीच्या रेषेचे रक्षण हा दुग्धव्यवसायापुढील आर्थिक प्रश्न बनला. घोसांविषयीचे बरेचसे संशोधन त्या निकडीतून झाले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच काळात खरे मापनही उपलब्ध झाले होते. अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक याने १८९० मध्ये आपली कसोटी प्रसिद्ध केली. तीत गंधकाम्लाने प्रथिने विरघळवून व नळी फिरवून स्निग्धांश थेट मोजता येई. स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गेर्बर याने लगेचच तशाच तत्त्वावर दुसरी पद्धत काढली, आणि भारतातील दुग्धशाळांत तीच अधिक रुळली. परंतु ही साधने प्रयोगशाळेत होती. ग्राहकाच्या स्वयंपाकघरात पुरावा म्हणून सायीची रेषाच चालत राहिली.

४. गोलँचे यंत्र आणि त्याचे कार्य

फ्रान्समधील ऑग्यूस्त गोलँ याने १८९९ मध्ये आपल्या यंत्राचे एकस्व घेतले, आणि १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या पद्धतीचे दूध लोकांपुढे आले. तीन दट्ट्यांच्या पंपाने दूध प्रचंड दाबाखाली अत्यंत बारीक नळ्यांतून रेटावयाचे, ही त्याची मूळ योजना होती. पुढे बारीक नळ्यांची जागा झडपेने घेतली. बैठक आणि तिच्यावर दाबून धरलेले झाकण यांच्यामधील चिंचोळ्या फटीतून दूध बाहेर पडते, ही रचना तत्त्वतः आजतागायत कायम आहे.

आधुनिक दुग्धशाळेत ही क्रिया पुढीलप्रमाणे घडते. दूध प्रथम ५५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. सुमारे ४० अंशांच्या खाली स्निग्धांशाचा काही भाग घट्ट असतो, आणि घट्ट गोलक नीट फुटत नाही. नंतर पंप दुधाला १५० ते २०० बार इतक्या दाबाने झडपेकडे लोटतो. फट मिलिमीटरच्या दशांशाएवढी किंवा त्याहूनही कमी असल्यामुळे दुधाचा वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या वर जातो, आणि फटीतून पार होण्यास सेकंदाचा काही लक्षांश एवढाच काळ लागतो. तेवढ्या काळात सूक्ष्म भोवऱ्यांचे प्रचंड ताण गोलकांवर पडतात. गोलक ताणला जातो, लांबट होतो आणि त्याचे अनेक लहान गोलक होतात. दाब एकदम घटल्याने निर्माण होणारे व फुटणारे बुडबुडेही या कामी हातभार लावतात. अंतिम सरासरी व्यास सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो. दाब दुप्पट केला तर व्यास निम्मा होत नाही, तो पूर्वीच्या दोनतृतीयांशाएवढा होतो. यास्तव दाब वाढवीत नेण्यास एक आर्थिक मर्यादा पडते.

या बदलाचे प्रमाण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी घेतली, तर तीत सुमारे साडेपंधरा ग्रॅम, म्हणजे अदमासे १७ घनसेंटिमीटर स्निग्धांश असतो. सर्व गोलक ४ मायक्रॉनचे मानले तर त्यांची संख्या सुमारे ५०,००० कोटी आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे २५ चौरस मीटर, म्हणजे मोठ्या खोलीच्या जमिनीएवढे होते. तोच स्निग्धांश अर्ध्या मायक्रॉनच्या गोलकांत वाटला, तर व्यास आठपट लहान झाल्यामुळे संख्या आठाच्या घनाने, म्हणजे ५१२ पट वाढते. पृष्ठफळ आठपट वाढून सुमारे २०० चौरस मीटर होते. चढण्याचा वेग मात्र आठाच्या वर्गाने, म्हणजे ६४ पट घटतो. तासाला २ मिलिमीटरऐवजी दिवसभरात एक मिलिमीटरही चढण होत नाही. पिशवीचे आयुष्य दोन-चार दिवसांचे असल्याने साय येण्यास वेळच उरत नाही.

तथापि केवळ आकार लहान केल्याने प्रश्न सुटला नसता, कारण लहान गोलक पुन्हा जुळून येऊ शकतात. २५ चौरस मीटरांपुरते असलेले नैसर्गिक आवरण २०० चौरस मीटरांना कोठून पुरणार? उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर द्रवातील प्रथिने, विशेषतः केसीनचे कण, तत्काळ येऊन चिकटतात. जुन्या आवरणाचे अवशेष आणि नवे केसीन यांचे हे मिश्र वेष्टन गोलकांना अलग ठेवते. केसीन स्निग्धांशाहून जड असल्यामुळे गोलकाची सरासरी घनताही वाढते, आणि वर चढविणारे बळ अधिकच क्षीण होते. शिवाय घोस बांधणारी यंत्रणाही मोडते. तिचा एक घटक तापविण्याने आणि दुसरा झडपेतील माराने निकामी होतो. अशा रीतीने सायीचे तिन्ही आधार, म्हणजे गोलकांचा आकार, घनतेतील फरक व घोस, एकाच वेळी ढासळतात.

५. नव्या पृष्ठभागाचे दोष

गोलँचे यंत्र १९०० मध्ये जगापुढे आले असूनही पिण्याच्या दुधासाठी त्याचा सर्रास वापर होण्यास दोन-तीन दशके लागली. आरंभी ते आटविलेले दूध व आइस्क्रीमचे मिश्रण यांसाठीच प्रामुख्याने वापरले गेले. या विलंबाचे एक कारण रासायनिक होते.

कच्च्या दुधात स्निग्धांशाचे विघटन करणारे लायपेज हे वितंचक निसर्गतःच असते. अभंग गोलकाचे आवरण त्याला स्निग्धांशापर्यंत पोहोचू देत नाही. समांगीकरणाने तयार झालेले केसीनचे वेष्टन मात्र त्याला अडवू शकत नाही. परिणामतः समांगीकृत कच्चे दूध अल्पावधीतच खवट व कडवट होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे समांगीकरणाच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर पाश्चरीकरण करून लायपेज नष्ट करणे. मिशिगन राज्य महाविद्यालयातील जी. माल्कम ट्राउट याच्या संशोधनाने या दोन क्रियांची सांगड घालण्याचा मार्ग प्रशस्त केला. समांगीकृत दूध कच्च्या दुधात चुकून मिसळले गेले तरी हाच दोष उद्भवतो. म्हणून परत आलेले दूध कच्च्या दुधाच्या टाकीत ओतण्यास दुग्धशाळेत मनाई असते.

दुसरा दोष अधिक स्निग्धांशाच्या द्रवात आढळतो. स्निग्धांश दहा-बारा टक्क्यांच्या वर गेला की नव्या पृष्ठभागाला पुरेल इतके केसीन उरत नाही. मग एकच केसीनकण दोन गोलकांवर बसतो, गोलक एकमेकांस बांधले जातात आणि द्रव घट्ट होतो. हे गठ्ठे मोडण्यासाठी पहिल्या झडपेनंतर सुमारे ३५ बार दाबाची दुसरी झडप बसवितात. यावरून दुसऱ्या झडपेचे काम गोलक फोडणे हे नसून फुटलेल्यांना विलग करणे हे आहे, हे स्पष्ट होईल.

यंत्र नीट चालते की नाही हे कसे ओळखावे? अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने यासाठी एक व्याख्या रूढ केली. दूध ४५ अंश फॅरनहाइट (सुमारे ७ अंश सेल्सिअस) तापमानाला ४८ तास स्वस्थ ठेवावे. साय डोळ्यांना दिसता कामा नये. शिवाय क्वार्ट बाटलीच्या माथ्यावरील १०० मिलिलिटर दुधातील स्निग्धांश आणि उरलेल्या दुधातील स्निग्धांश यांतील फरक माथ्याच्या अंकाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. समजा, माथ्याशी ३.३ आणि खाली ३.१ टक्के स्निग्धांश आढळला. फरक ०.२, म्हणजे ३.३ च्या सहा टक्के, तेव्हा दूध कसोटीस उतरले. माथ्याशी ३.६ व खाली ३.१ आढळल्यास फरक सुमारे चौदा टक्के भरतो आणि दूध नापास होते. अशा वेळी झडपेच्या कडेवर घर्षणाने चर पडला आहे काय, दूध पुरेसे तापले होते काय, आणि पंपात हवा शिरते काय, या तीन गोष्टी प्रथम तपासतात. चर पडलेल्या झडपेतून थोडे दूध न फुटताच निसटते. वेग व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे, सरासरी व्यास समाधानकारक असूनही, ते थोडेसे मोठे गोलकच माथ्याशी साय आणतात.

६. खूण गेली, पुरावा बदलला

समांगीकृत दुधाची यशस्वी किरकोळ विक्री अमेरिकेत कनेक्टिकटमधील टॉरिंग्टन येथे १९१९ मध्ये आणि कॅनडात ओटावा येथे १९२७ मध्ये सुरू झाली. मिशिगनमधील फ्लिंट येथे १९३२ मध्ये तिने विशेष जोर धरला. विक्रेत्यांपुढील अडचण उघड होती. ज्या रेषेवर विश्वास ठेवावयास ग्राहकाला पन्नास वर्षे शिकविले, तीच आता नाहीशी होत होती. म्हणून प्रचाराचा रोख बदलण्यात आला. पेल्यापेल्यांतून सारखीच चव आणि पोटात मऊ दही, म्हणून मुलांना पचण्यास सोपे, हे गुण पुढे करण्यात आले. यातील मऊ दह्याचा दावा खरा होता. वेष्टनात गुंतलेले केसीन दह्याच्या जाळ्यात सलगपणे बांधले जात नसल्यामुळे दही नरम होते. पुढे मेणकागदाची खोकी आल्यावर रेषा असली तरी दिसणार नव्हती. तिचा पुरावा म्हणून असलेला उपयोग तेथेच संपला.

या नव्या दुधाविषयी शंकाही उठल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कर्ट ऑस्टर याने असे प्रतिपादन केले की समांगीकरणामुळे दुधातील झँथीन ऑक्सिडेज हे वितंचक रक्तात शोषले जाते आणि रोहिण्यांना इजा करते. १९८३ मध्ये क्लिफर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्याची छाननी करून हे प्रतिपादन निराधार ठरविले. वितंचक शोषले जाते हेच सिद्ध होऊ शकले नव्हते. वादाचा शास्त्रीय निकाल असा लागला, तरी त्याच्या मुळाशी असलेली अस्वस्थता समजण्याजोगी आहे. डोळ्यांनी पारखता येणारी वस्तू डोळ्यांना अपारदर्शक झाली होती.

भारतात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. मुंबईत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये टोन्ड दूध सुरू झाले. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के असणारा स्निग्धांश, दुधाच्या साय काढलेल्या भुकटीचे पाणी मिसळून तीन टक्क्यांवर आणावयाचा आणि तेवढ्याच म्हशींच्या दुधात अधिक माणसांची गरज भागवावयाची, अशी ती योजना होती. येथे साय कमी दिसते ती मुळात स्निग्धांश कमी असल्यामुळे. समांगीकरणात तो कमी होत नाही, फक्त विखुरला जातो. ग्राहकाला मात्र दोन्ही दुधे सारखीच ‘सायविरहित’ वाटतात. सध्याच्या प्रमाणांनुसार टोन्ड दुधात ३, प्रमाणित दुधात ४.५ आणि पूर्ण साय असलेल्या दुधात ६ टक्के स्निग्धांश आवश्यक आहे. ‘समांगीकृत’ हा शब्द यांपैकी कोणत्याही दुधावर येऊ शकतो.

उकळल्यावर येणाऱ्या सायीवरही समांगीकरणाचा परिणाम होतो. गोलक लहान व केसीनवेष्टित असल्याने ते पृष्ठभागाशी येऊन प्रथिनांच्या जाळ्यात पुरेसे अडकत नाहीत, आणि कातडी पातळ धरते. तिचे विरजण घुसळले तर लोणी उशिरा व थोडे येते, कारण लोणी निघण्यासाठी गोलकांचे आवरण फाटून ते एकमेकांस चिकटावे लागतात, आणि लहान गोलकांचे नवे वेष्टन सहजी फाटत नाही. म्हणून ज्या घरात सायीवर तुपाची भिस्त असते, तेथे असमांगीकृत दुधाला मागणी राहते. ही मागणी केवळ जुन्या सवयीतून नव्हे, तर भिन्न उपयोगातून आलेली आहे.

एकंदरीत पाहता सायीची रेषा ही स्निग्धांशाचे माप कधीच नव्हती. ती गोलकांचा आकार, थंडावा आणि एक चिकट प्रथिन यांच्या संयोगाची खूण होती. समांगीकरणाने स्निग्धांशाला हात न लावता ही खूण पुसून टाकली. तिच्यासोबत घरच्या घरी पारख करण्याचा, सदोष का होईना, अधिकारही ग्राहकाच्या हातून गेला, आणि त्याची जागा वेष्टनावरील अंकाने व तो अंक तपासणाऱ्या गेर्बर नळीने घेतली. सायविरहित दूध सकस आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर यापुढे बाटलीच्या मानेशी न शोधता त्या अंकाच्या खरेपणात शोधावे लागते.